घसरत्या गाडीचा दिवा

मी नेरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. नववीच्या वर्गात काळ्या मातीचे गुणधर्म फळ्यावर लिहून देताना माझा आवाज फार छान लागतो, असं मला स्वतःला वाटतं. ओलावा धरून ठेवते, भिजली की फुगते, चिकट होते, वाळली की भेगा पडतात. पोरं उतरवून घेतात. या मातीत स्वतःची नवी गाडी मीच घालीन आणि आतल्या आत बसून घाम पुसत राहीन, हे मात्र कोणत्याही धड्यात नव्हतं.

गाडीची आधीची एक गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाडी घेऊन दोनेक महिने झाले असतील. अमरावतीकडून येताना पाऊस लागला आणि एका वळणावर माझ्यासमोरच्या मीटरमध्ये एक पिवळा दिवा लुकलुकला. गाडीचं चित्र आणि तिच्या मागे दोन नागमोडी रेघा. लुकलुकला आणि विझला. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आत पाहिलं. आत इंजिन होतं. एवढंच मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी विकणाऱ्या माझ्या मित्राकडे गेलो. तो माझा शाळेपासूनचा सोबती. गाडी त्यानंच माझ्या गळ्यात मारलेली.

"मास्तर, ती डोळा मिचकावते ना, तवा ती काम करून राह्यली," तो म्हणाला. "चाक घसरलं का ती एकेका चाकाले ब्रेक लावते, इंजिनची ताकद कमी करते, गाडी रेषेत ठेवते. मिचकावली तर खुशाल ऱ्हाय. टिकून लागली, विझलीच नाही, तर मले आण."

मला पटलं. मान्यही झालं. पण मान्य होणं वेगळं आणि पोटाला कळणं वेगळं. पुढे कधी रेतीवर, कधी ओल्या डांबरावर तो दिवा मिचकावला की माझा पाय ऍक्सिलरेटरवरून उठायचा. बायको शेजारून विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "कुठं काय?" आणि पुढचे दहा किलोमीटर रस्त्याऐवजी मीटरकडे बघायचो. शेवटी मी त्यावर असा उपाय काढला की माझ्यासारख्या माणसालाच सुचावा. सीट कव्हर बसवून घेतले त्या दुकानात एक स्टिकर फुकट मिळाला होता. लिंबू आणि सात मिरच्या. आकार अगदी मापाचा. मीटरच्या काचेवरची प्लास्टिकची पन्नी मी अजून काढली नव्हती (नव्या गाडीचं नवेपण असं टिकवायचं असतं), तिच्यावर, नेमका त्या कोपऱ्यावर, मी तो चिकटवून टाकला. दिवा दिसत नाही म्हणजे भीती नाही.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त भाजीत. त्यामुळे बायकोनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "डिझाईन आहे."

आता मूळ गोष्ट. राळेगाव तालुक्यात माझी मोठी बहीण राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, पोलीस भरतीची तयारी करत होती. दोन वर्षं ही पोरगी पहाटे उठून गावच्या रस्त्यावर धावली. आधी लोक हसले, मग सवय झाली, मग तिच्या धावण्यावर घड्याळ लावायला लागले. लेखीआधी मैदानी चाचणी, आणि ती हिवाळ्यात यवतमाळला. सकाळी साडेसातला मैदानाच्या फाटकावर हजर राहायचं. उशीर झाला तर झालं, पुढच्या भरतीची वाट बघायची. आणि पुढच्या भरतीपर्यंत वय बसेल की नाही याची घरात रोज उजळणी होत होती.

भाऊजी तिला मोटरसायकलवर नेणार होते. मी फोनवर म्हटलं, "थंडीत पोरगी आखडून जाईल. तिचे पाय कशाला गारठवता? मी आदल्या दिवशी येतो. गाडीत बसवून नेतो, राणीसारखी."

आदल्या संध्याकाळी मी पोहोचलो आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. तासभर पडला आणि थांबला. ताईनं डबा बांधला, भाचीनं बूट गाडीतच घालायचे म्हणून पिशवीत ठेवले, आणि भल्या पहाटे आम्ही तिघे निघालो. मी चालवायला, भाऊजी शेजारी, भाची मागे.

डांबरी रस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं, त्यामुळे फेरा पडत होता. भाऊजी म्हणाले, "फेऱ्यानंच चला. येळ हाये."

मी मोबाईलवर नकाशा काढला. शेतांमधल्या पांदण रस्त्यानं गेलं तर थेट मोठ्या रस्त्याला लागत होतो. "हा बघा, सरळ आहे."

"सरळ त हाये," भाऊजी म्हणाले, "पण पाणी पडलं ना बाप्पा काल."

"भाऊजी, या गाडीला काही होत नाही."

जाहिरातीत गाडी डोंगरावर चढते, ते डोक्यात असेल. पहिला थोडा भाग मुरुमाचा होता, गाडी मस्त गेली. मी भाऊजींकडे एकदा बघूनही घेतलं. मग मुरूम संपला. स्टिअरिंग हातात मऊ मऊ लागायला लागलं, गाडीचं ढुंगण एकदा डावीकडे गेलं, आणि आम्ही थांबलो. मी थांबवली नाही. गाडीच थांबली.

मी ऍक्सिलरेटर दाबला. गाडीनं एक उसासा टाकला. पुन्हा दाबला, पार तळापर्यंत. एरवी डरकाळी फोडणारं इंजिन खोकलल्यासारखं करून खाली बसलं. मी दाबतोय आणि ते ऐकतच नाही.

"दाबा ना," भाऊजी म्हणाले.

"दाबूनच राह्यलो!"

"मंग आवाज काहून येऊन नाई राह्यला?"

मागून भाचीचा आवाज आला, शांत. "मामा, मी उतरून धक्का मारू का?"

"बसून राह्य!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. पाय मुरगळला, नुसता घोटा वळला, तरी आठशे मीटरची धाव गेली. भाऊजी तिच्या पायांकडे असे बघत होते, जणू ते काचेचे होते.

मी खाली उतरलो. उतरताच बूट तिथंच राहिला आणि माझा पाय मोज्यासकट पुढे गेला. पुढच्या चाकांना काळ्या मातीचा एवढा थर बसला होता की टायरची नक्षी दिसत नव्हती. गुळाची ढेप लावल्यासारखी चाकं. आजूबाजूला माणूस नाही. हेडलाईटच्या उजेडात दोन्हीकडे कपाशीची शेतं, आणि एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उपटून रचलेली वाळकी पऱ्हाटी.

मी मित्राला फोन लावला. तो झोपेत होता.

"अबे मास्तर, कोन मेलं?"

"कोणी नाही. गाडी फसली. चिखलात. ऍक्सिलरेटर घेत नाही. पोरीला साडेसातला मैदानावर पोचवायचं आहे."

झोप उडाल्याचं त्याच्या आवाजावरून कळलं. "चाक फिरलं का तिले वाटते गाडी घसरली. मंग ती इंजिनचा गळा धरते. रोडवर ते चांगलं, चिखलात कामाचं नाई. चिखलात चाकाले थोडं फिरू द्या लागते, तवा माती झटकते. गिअरच्या बाजूले बटन हाये, घसरत्या गाडीचं चित्र अन् खाली ऑफ लिहिलं हाये, ते दाब."

मी आत वाकून बटण दाबलं. "दाबलं."

"टोचू नको, दाबून धर. दोन-तीन सेकंद. मीटरात पिवळा दिवा लागते, ऑफ लिहिलेला. तो लागून राह्यला म्हणजे बंद झालं. लागला?"

मी मीटरकडे पाहिलं. तिथं एक लिंबू आणि सात मिरच्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"मंग धरलं नसन नीट. पुन्हा धर."

मी धरलं. सोडलं. काही नाही. मग खात्री करायला आणखी एकदा टोचलं. आज मला माहीत आहे, दाबून धरल्यावर ते खरंच बंद झालं होतं आणि टोचल्यावर पुन्हा चालू झालं होतं. पण त्या वेळी मी बसून दाबला ऍक्सिलरेटर, आणि इंजिननं पुन्हा तोच उसासा टाकला. "बटण खराब आहे," मी फोनवर ओरडलो. "तू मला खराब गाडी विकली!"

"दिवा लागला का?"

"नाही लागत!"

"दिवा लागत नाई तोवर तुले कसं माहीत ते बंद झालं का नाई? तो दिवा पाहूनच..." आणि रेंज गेली.

बाहेर अंधार थोडा फिकट झाला होता, आणि त्यानं माझा जीव जास्तच घाबरा झाला. मी पुन्हा ऍक्सिलरेटर दाबत राहिलो. भाऊजी वाकून मीटरकडे बघत होते. ते बराच वेळ बघत होते.

"साळेबुवा," ते म्हणाले, "तुमचं लिंबू लुकलुकून राह्यलं."

खरंच. लिंबाच्या कडेनं, मिरच्यांच्या देठांतून, पिवळा उजेड येत होता आणि जात होता. मला कळलं. मला ते पहिल्यांदा दिवा लागला नाही तेव्हाच कळायला हवं होतं, पण माणूस स्वतःच्या हातानं झाकलेल्या गोष्टीकडे सगळ्यात शेवटी बघतो. कळलं तरी मी खोटं काही सुचतंय का ते बघत होतो.

"तिथं एक दिवा आहे," मी म्हणालो. "मीच झाकला."

"कायले?"

"भेव वाटायचं."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शिवी नव्हती, तेच जास्त लागलं. "अन् लिंबू-मिरची? मास्तर, तुमी? आपल्या घरात?"

"फुकट मिळालं होतं."

भाची मागून पुढे वाकली, नखानं स्टिकरचं टोक उचललं आणि पन्नीसकट ओढून काढलं. मिरच्या निघाल्या, लिंबाचा अर्धा डिंक काचेवर राहिला. त्याच्या मागे दिवा लख्ख दिसला. मिचकावत होता. मी पाय उचलला, तो विझला. मग मी बटण दाबून धरलं आणि तिघंही श्वास रोखून बघत राहिलो. दुसरा दिवा लागला, तीच घसरती गाडी आणि खाली ऑफ. मिचकावत नव्हता. टिकून होता. दिवा लागल्याचा एवढा आनंद मला लाईट गेलेल्या घरातही कधी झाला नव्हता.

"आता दाबा," भाऊजी म्हणाले.

मी दाबला. डरकाळी आली! चाकं भन्नाट फिरली, चिखल काचेपर्यंत उडाला, आणि गाडी होती त्याहून चार बोटं खाली गेली.

"थांबा, थांबा!" भाऊजींनी माझा हात धरला. "कबर खोदून राह्यले का? ट्रॅक्टर असो का गाडी, पाय हलका पायजे." मी घाबरून क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं.

पोरगी म्हणाली, "बाबा, मी चालवते."

आम्ही दोघं एकदम तिच्याकडे वळलो. ती वडिलांचा ट्रॅक्टर चालवते, हे मला माहीत होतं. गाडीचं लायसन काढलंय, हे भाऊजींनीच सांगितलं होतं. "मामाले धक्का माराले ठेवा," ती म्हणाली. "मले उतराचंच नाई ना? मंग मी बसतेच."

यात चूक काढायला जागाच नव्हती. जिचे पाय वाचवायचे होते तिनं सीटवर बसायचं, आणि ज्याच्या पायांची जगात कोणाला गरज नव्हती त्यानं चिखलात उतरायचं. मी उतरलो. भाऊजींनी धुऱ्यावरची पऱ्हाटी ओढून आणली, मीही आणली. काटक्यांनी हात खरचटले. पुढच्या दोन्ही चाकांसमोर ती अंथरली, चाकांची माती मी काठीनं खरवडून काढली. भाऊजी एकेक काडी चाकाखाली सारत होते, आणि आभाळाकडे बघत नव्हते. मीही बघत नव्हतो. उजेड किती झाला हे दोघांनाही माहीत करून घ्यायचं नव्हतं.

"इंजिन सुरू कर," भाऊजी म्हणाले.

तिनं किल्ली फिरवली. मीटरमधले सगळे दिवे एकदम लागले, एकेक करून विझले. "मामा," ती आतून म्हणाली, "तुमचा ऑफवाला दिवाबी विझला."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन बंद पडलं न् पुन्हा लावलं, तं ते आपोआप चालू झालं असन. मी पुन्हा धरते." तिनं बटण दाबून धरलं. "लागला. लागला मामा, टिकून हाये!"

मी स्वतः सीटवर असतो तर हे कधीही पाहिलं नसतं. पुन्हा उसासा, पुन्हा फोन, पुन्हा खराब गाडी.

"पाय हलका," भाऊजी म्हणाले. "चाक सरळ. निघाली का थांबाचं नाई, डायरेक्ट रोडवर."

आम्ही मागून खांदे लावले. तिनं गाडी थोडी मागे घेतली, थोडी पुढे, मागे, पुढे, झोपाळ्यासारखी. चाकं फिरली, मातीचे गोळे सुटले, एक माझ्या कपाळावर बसला. पऱ्हाटी कडकड मोडली आणि टायरच्या नक्षीत धरली गेली. गाडी पुढे सरकली. आणखी सरकली. मग एकदम गेली, आणि मी जिथं गाडी होती तिथं, मोकळ्या जागेत, पोटावर पडलो.

ती थांबली नाही. बरोबर केलं. पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, आणि आम्ही दोघं तिच्या मागे, गुडघाभर चिखलातून, जमेल तसं धावत. भरतीच्या मैदानावर त्या दिवशी माझी चाचणी असती तर मला पहिल्याच फेरीत बाहेर काढलं असतं.

डांबरावर पोहोचलो तेव्हा मी म्हणालो, "सरक, मी चालवतो. तू हातपाय मोकळे कर."

तिनं जागा सोडली. बसल्यावर समोर तो पिवळा ऑफ लागलेलाच होता. माझं बोट बटणाकडे गेलं आणि परत आलं. इतक्या खटाटोपानं जे जमलं होतं त्याला हात लावायची माझी हिंमत होईना. चाललंय ना, चालू दे. आणि उशीर झाला होता; भाऊजींचा गुडघा सारखा हलत होता. मी पाय खाली दाबला.

"मामा, तो दिवा लागलेलाच हाये," भाची म्हणाली.

"असू दे. आपण बाहेर निघालो ना."

"पण टायरले अजून माती हाये."

पुढच्या वळणावर मी ते वाक्य नीट ऐकलं. रस्ता ओला, टायरला गुळगुळीत काळी माती, आणि ज्या गोष्टीनं गाडी रेषेत ठेवायची ती गोष्ट मी स्वतःच्या हातानं झोपवलेली. स्टिअरिंग वळलं, गाडी वळली नाही. ती सरळ चालली होती, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाभळीच्या दिशेनं. भाऊजींचा हात दारावर आदळला. मी पाय काढला, बाभूळ मोठी झाली, आणखी मोठी झाली, आणि मग पुढच्या टायरनं कुठंतरी डांबर पकडलं आणि गाडी आमच्याच बाजूला वळून आली.

मी गाडी बाजूला घेतली. बटण एकदा दाबलं. ऑफ विझला. मी वाकून पाहिलं, डिंक लागलेल्या काचेतून. विझलाच होता.

"आता?" मी विचारलं.

"आता हळू चला," भाची म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला होता. "नाई पोचलं तरी चालन."

हे ती का म्हणाली ते कळत होतं, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. मी हळूच चालवलं. हळू चालवणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. पुढचं वळण घेताना पहिला दिवा एकदा मिचकावला. पण या वेळी मी बायकोला म्हणतो तसं "कुठं काय?" म्हणालो नाही आणि पायही हलवला नाही. ती तिचं काम करून राह्यली होती.

मैदानाच्या फाटकावर आलो तेव्हा रांग अजून संपली नव्हती. शेवटची काही मुलं उरली होती. भाचीनं गाडीतच बूट बांधले, कागदांची पिशवी घेतली आणि उतरली. तिच्या अंगावर चिखलाचा एक थेंब नव्हता. फाटकावरच्या शिपायानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, कपाळापासून पायापर्यंत काळ्या माझ्याकडे, आणि विचारलं, "तुमची कायची चाचणी होती?"

भाऊजींना हसू आलं नाही. त्यांनी मैदानाकडे पाठ केली आणि भिंतीला टेकून बसले. आत शिट्ट्या वाजत होत्या. प्रत्येक शिट्टीला ते मान खाली घालायचे. मी विचारलं, "बघत का नाही?" म्हणाले, "तुमी पाहा. मले सांगू नका." दिसत तर मलाही काही नव्हतं, तारेच्या जाळीमागे नुसती डोकी. मला एकच गोष्ट सुचत होती. तिनं स्टिअरिंग किती घट्ट धरलं असेल, खांदे आखडले असतील, गोळा फेकताना हात कापेल. आपण कशाला गाडी घेऊन आलो.

ऊन चढल्यावर ती बाहेर आली. केस ओले, तोंड लाल. आम्ही दोघं उठलो आणि एकमेकांच्या पुढे जायला लागलो.

"धावणं चांगलं झालं," ती म्हणाली. "सरांनी घड्याळ पाहून मान हलवली. गोळा थोडा जवळ पडला."

"किती जवळ?" भाऊजींनी विचारलं.

"बाबा, लिस्ट लागू द्या ना."

"माझ्यामुळं का?" मी विचारलं. "स्टिअरिंगमुळं?"

ती माझ्याकडे बघून हसली, आणि ते हो होतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. "गोळा माहा नेहमीच जवळ पडते, मामा," ती म्हणाली. "घ्या, डबा उघडा. भूक लागली. अन् किल्ली द्या इकडं, घरी फेऱ्यानं जाऊ."